मदत हवी आहे: दहावीच्या गुणपत्रिकेच्या फोटोत विज्ञानाचे गुण बदललेत का?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी प्रवेशाचं काम बघतो. एका पालकांनी व्हॉट्सअॅपवर गुणपत्रिकेचा फोटो पाठवलाय. मराठी ८१, हिंदी ७४, इंग्रजी ६२, गणित ५८, विज्ञान ८८, सामाजिक शास्त्रे ७९. टक्केवारी मात्र ७२.८० छापलेली.

बेस्ट ऑफ फाईव्हने सगळ्यात कमी गुणांचं गणित वगळलं जातं, उरलेल्या पाचांची बेरीज ३८४, म्हणजे ७६.८० यायला हवेत. उलट हिशोब केला: ७२.८० म्हणजे ५०० पैकी ३६४. त्यातून बाकीच्या चार विषयांचे २९६ वजा केले की विज्ञानाला उरतात ६८! अक्षरी गुणांवर नेमकी घडीची सावली पडलीय, वाचता येत नाही.

झूम केल्यावर ८८ मधला पहिला आठ दुसऱ्यापेक्षा ठळक दिसतो आणि त्याच्यामागची कागदाची बारीक नक्षी पुसल्यासारखी वाटते. पण व्हॉट्सअॅप फोटो दाबून बारीक करतं, त्यामुळे निव्वळ कडांवरून कुणावर बोट ठेवायला मन धजत नाही. आकड्यांचा घोळ मात्र दाबल्यामुळे होत नाही.

मूळ गुणपत्रिका मागितलीच आहे, पण "पावसात भिजली, नंतर आणतो" असं उत्तर आलंय. मुलाला समोर बसवून त्याच्याच डिजिलॉकरमधून गुणपत्रिका उघडून घेणं पुरेल, की कोकण विभागीय मंडळाकडे लेखी पडताळणी मागावी? कुणी केली असेल तर अर्जासोबत काय जोडलंत? शिवाय पोराला यातलं काहीच ठाऊक नसेल, हीही शक्यता आहे. तेव्हा पालकांशी बोलायचं कसं, तेही सांगा.