मदत हवी आहे: सीव्ही जॉइंट आणि स्टिअरिंग रॅकसाठी मॉलीवालं महाग ग्रीस घ्यावं का?

पानाबारा:
मंडळी, पुढच्या चाकांवर चालणारी जुनी हॅचबॅक आहे. डाव्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा बूट घडीवर फाटलाय आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे उडालेत. फाटून फार तर दोन आठवडे झाले असतील. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी चालवली तरी कटकट आवाज नाही. तिथेच स्टिअरिंग रॅकचा बेलोही चिरलेला दिसला, म्हणून दोन्ही कामं एकदम उरकायची आहेत.

बूट सुटा मिळालाय, सोबत ग्रीसची पुडी नाही. घरी व्हील बेअरिंगचं लिथियम ग्रीस डबाभर पडलंय. सीव्हीसाठी म्हणून मिळणारं काळं मॉलीवालं त्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीला आहे. तो जादा पैसा खरंच कामाचा आहे की नुसतं डब्यावरचं नाव? आणि घेतलंच तर तेच रॅकला चालेल का?

टर्बोतात्या:
डोळे झाकून मॉली घ्या आणि सगळीकडे तेच लावा. सीव्ही, रॅक, चाकांची बेअरिंगं, सगळीकडे. ग्रीस काळं असलं की समजायचं मॉली आहे. बूट ठासून भरा, कमी पडायला नको.

निवांत:
पॉवर स्टिअरिंगचं ऑइल कधी बदललं होतं? माझं स्टिअरिंग जड झालं होतं, ऑइल बदललं आणि हलकं झालं.

पानाबारा:
निवांत, माझं इलेक्ट्रिक आहे हो, मोटर वर कॉलमवर बसवलेली. ऑइलच नाही.

लेथवाली:
पानाबारा, बाहेरच्या जॉइंटला मॉली घ्या, तिथे पैसे वसूल होतात. आत सहा गोळ्या असतात. गाडी वळताना त्या आपापल्या खाचेत पुढे-मागे सरकतात, थोड्या गडगडतात, थोड्या घासतात. दर फेरीला दिशा उलटते आणि उलटताना क्षणभर त्या थांबतात. त्या क्षणी तेलाचा थर पातळ होतो आणि दाब मात्र प्रचंड असतो. मॉलीचे पापुद्रे नेमके तेव्हा धातूंमध्ये अडकून राहतात. व्हील बेअरिंग एकाच दिशेने फिरत असतं, त्याला ही अडचण नाही. म्हणून तुमचं डब्यातलं ग्रीस तिथे उत्तम आणि इथे अपुरं. अशा ग्रीसमध्ये मॉली साधारण ३ टक्के असतं, त्यामुळे डब्यावर 'जादा मॉली' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं बघून आणखी पैसे मोजू नका.

तात्या, काळं म्हणजे मॉली हे अर्धंच खरं. ग्रॅफाइटही काळंच असतं. डब्याच्या मागच्या बाजूला मॉलिब्डेनम डायसल्फाइड आणि 'सीव्ही जॉइंटसाठी' हे दोन्ही लिहिलेलं हवं.

बुलबुल:
मध्येच विचारते, रागवू नका. माझ्या गाडीत वळताना कटकट वाजतं. गॅरेजवाल्याने बूट उघडून मॉली ग्रीस भरलं, आठवडाभर आवाज गेला, आता पुन्हा सुरू. ग्रीस भेसळीचं होतं का?

लेथवाली:
ग्रीसचा दोष नाही गं. खाचेत खड्डे पडलेत. जाड ग्रीसने आवाज दबला, खड्डे तसेच राहिले. जॉइंट बदलावा लागेल.

पानाबारा, तुमचा मात्र वाचला असेल. पण आधी बघून घ्या. जुनं ग्रीस काढताना चिमूटभर पांढऱ्या कागदावर पसरवा आणि बोटांत चोळा. वाळू असेल तर करकर कळते. कॉफीसारखा रंग असेल तर पाणी शिरलंय. नुसती चमक दिसली तर घाबरू नका, मॉलीही चमकतं. कागदाखाली लोहचुंबक फिरवा, कण त्याच्या मागे धावले तर ते पोलाद. मग जॉइंट रॉकेलने धुवा आणि पूर्ण वाळू द्या, कोपऱ्यात रॉकेल राहिलं तर नवं ग्रीस पातळ होतं. प्रत्येक गोळी फिरवून खाचेवरून नख ओढा. गुळगुळीत चकचकीत पट्टा चालतो. नख अडकलं तर बूटावर खर्च करू नका.

पानाबारा:
ताई, ग्रीस किती भरायचं? आणि आतल्या टोकाचा जॉइंटही उघडून भरून टाकू का?

लेथवाली:
तुमच्या आकाराच्या गाडीला साधारण ८० ते १०० ग्रॅम, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. निम्म्याहून जास्त जॉइंटमध्ये, गोळ्यांच्या मागे जाईल असं दाबून, उरलेलं बूटात. ठासून भरलं तर बूट फुगतो आणि क्लॅम्पखालून ग्रीस बाहेर येतं. लहान क्लॅम्प आवळण्याआधी बूटाच्या तोंडातून पेचकस घालून हवा सोडा.

आतला बूट शाबूत असेल तर हात लावू नका. तिथे बहुतेक तीन रोलरचा ट्रायपॉड असतो, आत सुईसारखी बारीक बेअरिंगं. काही कंपन्या तिथे मॉलीविना, पॉलियुरियाचं ग्रीस घालतात, कारण घर्षण जास्त झालं तर जोरात पिकअप घेताना गाडी थरथरते. पॉलियुरिया आणि लिथियम एकत्र झाले तर पातळ होऊन वाहू शकतात.

टर्बोतात्या:
मी माझ्या दोन गाड्यांच्या आतल्या जॉइंटला मॉलीच भरलंय. वर्षं झाली, काही थरथर नाही.

लेथवाली:
असेल तात्या. काही कंपन्या तिथेही मॉलीच देतात, तुमच्या त्यातल्या असतील. मी तरी मॅन्युअल बघितल्याशिवाय सांगणार नाही.

पानाबारा:
आणि रॅक?

लेथवाली:
रॅकला मॉलीसाठी जादा पैसे घालवू नका. तिथे हालचाल संथ, आणि दांड्याला मागून दाबून धरणाऱ्या ठोकळ्यावर बहुतेक प्लास्टिकचं अस्तर असतं. तिथे हवं ते स्टिअरिंग अडखळू न देणारं आणि प्लास्टिकला न खाणारं, कंपनीने सांगितलेलं ग्रीस. नवा बेलो घालताना बाहेर आलेला दांडा पुसून पातळ हात फिरवा. बेलो भरू नका, वळवताना हवा एका बाजूकडून दुसरीकडे जावी लागते. बेलोच्या अरुंद तोंडाला आतून जरा सिलिकॉन ग्रीस लावा, म्हणजे अलाइनमेंट करताना टाय रॉडबरोबर बेलो पिळला जाणार नाही.

पानाबारा (पाच दिवसांनी):
काम झालं. ग्रीस काळंच होतं, करकर नाही, चुंबकामागे काही धावलं नाही. एका खाचेत फिकट पट्टा दिसला, पण नख अडकलं नाही. मॅन्युअलमध्ये ९० ग्रॅम होतं, मॉलीची लहान ट्यूब आणली, त्यामुळे डब्याच्या हिशेबाने वाटला होता तेवढा फरकही पडला नाही. आतला जॉइंट उघडला नाही. रॅकला मॅन्युअलमधलं साधं लिथियम.

एक राहिलंच. छोट्या खड्ड्यांवर स्टिअरिंगमध्ये टकटक यायची, ती अजून तशीच आहे. ग्रीस कमी पडलं का?

टर्बोतात्या:
म्हटलं होतं मॉली घाला!

लेथवाली:
टकटक ग्रीसने जात नाही. चाक जमिनीवरून उचलून डावी-उजवीकडून हलवा आणि टाय रॉडच्या आतल्या बॉलवर कुणालातरी हात ठेवायला सांगा. तिथे खेळ नसेल तर रॅकच्या ठोकळ्यामागचा स्क्रू सैल झालाय का बघावं लागेल. तो स्वतः आवळत बसू नका, जास्त आवळला तर वळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. बॉलवर काय जाणवतं ते इथे लिहा.