मदत हवी आहे: शेजारच्या कोपीत मलेरिया निघाला, तिथेच पोराला डास चावलेत

वाळव्याचा_शेतकरी
आम्ही वाळवा तालुक्यात शेतातच राहतो. दिवाळी झाल्यावर बांधापलीकडे ऊसतोड टोळीच्या कोप्या पडल्यात. त्यातल्या एकाला आठवडाभर एकाआड एक दिवस थंडी वाजून ताप येत होता. काल आशाताईंनी बोटातून रक्त घेतलं, किटवर मलेरिया आला, व्हायव्हॅक्स. गोळ्या चालू झाल्या. पण परवा माझा सहा वर्षांचा पोरगा अंधार पडेपर्यंत तिथंच खेळत होता. डासांनी पाय फोडून काढलेत. त्या माणसाला चावलेला डास लगेच ह्याला चावला असेल तर? आजच रक्त तपासू का? मंडळी म्हणतात गोळ्या आत्ताच सुरू करा.

मिरजेचा_मी
होय, असाच पसरतो. चावते ती मादी. तिच्या सोंडेला रोग्याचं रक्त लागलेलं असतं, वापरलेली सुई दुसऱ्याला टोचावी तसं. उशीर करू नका, आजच तपासा.

कराडच्या_काकू
गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाईंना डेंग्यू झाला होता. प्लेटलेट भराभर उतरल्या, ॲडमिट करावं लागलं. तुम्ही पण पोराच्या प्लेटलेट बघून घ्या हो.

रक्तकाच
काकू, डेंग्यूचा डास वेगळा, तो दिवसा चावतो. इथे प्लेटलेटचा प्रश्न नाही.

मिरजकर, मादी चावते हे बरोबर. स्वतःच्या पोटाला तिला फुलांतला रस पुरतो, रक्त लागतं ते अंडी तयार करायला. पण सुईसारखं होत नाही. तिच्या सोंडेत दोन वाटा असतात. एकीतून रक्त वर ओढलं जातं, दुसरीतून लाळ आपल्या अंगात सोडली जाते, रक्त गोठू नये म्हणून. मलेरिया येतो तो लाळेतून, आणि रोग्याचं रक्त गेलेलं असतं पोटात. पोटातून लाळेपर्यंत पोचायलाच जंतूला दिवस लागतात. आधी त्यातल्या नर-मादीचं पोटात मीलन, मग पोटाच्या भिंतीवर गाठी, त्या फुटल्या की बारीक धाग्यासारखे जीव लाळेच्या ग्रंथीत शिरतात. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला डास चिरून बघितल्या त्या ह्याच गाठी. सगळ्याला उबदार हवेत दहाएक दिवस, थंडी पडली की दोन-तीन आठवडे. बहुतेक डास त्याआधीच मरतात.

आता तुमचा हिशोब. परवा त्या माणसाचं रक्त प्यालेली मादी परवाच तुमच्या पोराला मलेरिया देऊ शकत नाही. पण त्याला ताप येऊन आठवडा झालाय, आणि व्हायव्हॅक्समध्ये डासाला लागण करणारी रूपं तापाच्या सुरुवातीलाच रक्तात असतात. म्हणजे तेव्हा त्याला चावलेल्या माद्या येत्या चार-पाच दिवसांत तयार होतील. जपायचं ते इथून पुढचे तीन आठवडे. पोरगं दिवस मावळायच्या आत घरात आणि रात्री मच्छरदाणीत.

आज रक्त काढून उपयोग नाही. चावल्यावर जंतू आधी यकृतात वाढतात, रक्तात उतरायला आठवडा तरी जातो. ताप यायला साधारण दोन आठवडे. ताप आला की त्याच दिवशी तपासा. तोवर गोळ्या नकोत.

वाळव्याचा_शेतकरी
जीव जरा भांड्यात पडला. पण टोळीतली एक बाई म्हणाली, त्याच्याआधी आणखी एका पोराला ताप येऊन गेला, मेडिकलमधून गोळी आणून दिली होती.

रक्तकाच
मग परवाची संध्याकाळ अगदीच निर्धोक म्हणता येत नाही. ते पोरगं मलेरियाचं असेल तर तयार माद्या तिथे आधीच फिरत असतील. आशाताईंना सांगून टोळीत सगळ्यांचं रक्त घ्यायला लावा, ताप उतरलेल्यांचंसुद्धा.

मिरजेचा_मी
सुईचं कळलं. पण मग त्या माणसाला इथेच लागण झाली की गावाकडून घेऊन आला?

रक्तकाच
ते किटवर कळत नाही. व्हायव्हॅक्स यकृतात महिनोन्‌महिने दडून बसतो आणि नवा डास न चावताही ताप परत येतो. म्हणूनच क्लोरोक्वीन तीन दिवसांत संपलं तरी प्रायमाक्वीन १४ दिवस देतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि लोक तिथेच गोळ्या सोडतात.

वाळव्याचा_शेतकरी
तीच अडचण आहे. मुकादम म्हणतोय आठवड्यात फड संपेल, टोळी पुढच्या गावाला जाणार. उरलेल्या गोळ्या तो बरोबर नेईल, पण घेतोय की नाही ते बघणार कोण? आशाताईंना विचारलंय, पुढच्या गावच्या आशांना कळवायची काही सोय आहे का. कुणी असं केलं असेल तर सांगा.