उत्तर: वास्तुशांतीची पत्रिका, मुहूर्त आणि पार्किंग

> "मुहूर्त सकाळी ८.४७ चा आहे, पत्रिकेत तीच वेळ टाकू ना?"

टाका, पण एकटी नको. आम्ही तेवढीच छापली आणि निम्मे पाहुणे साडेआठलाच हजर! होम चालू, धुरात बसायला जागा नाही, जेवण साडेबाराला. धाकट्या भावाच्या वेळी दोन ओळी केल्या: "गृहप्रवेश मुहूर्त: सकाळी ८.४७" आणि खाली ठळक "तीर्थप्रसाद व स्नेहभोजन: दुपारी १२.३० ते ३". मुहूर्ताला यायचं त्या जवळच्यांना फोन केला. वरचा मजकूर नेहमीचाच, "आमचे येथे श्रीकृपेकरून नूतन वास्तूची वास्तुशांत करण्याचे योजिले आहे, तरी सहकुटुंब सहपरिवार यावे".

पत्त्यात विंग आणि मजला हवाच, नाहीतर वॉचमन अडवतो. पार्किंगचं मात्र पत्रिकेत कोंबू नका. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा: "दुचाकी आत, गेटच्या डावीकडे. चारचाकी समोरच्या मैदानात, सोसायटीत जागा नाही." मैदानवाल्याला आधी विचारा हं. लोकेशनची पिन मेन गेटवर उभं राहून घ्या. आमची मागच्या बंद गेटवर पडली होती, काका तिथेच हॉर्न वाजवत बसले.