पाऊण तास तबलजी गप्प, मग सतारीवर वाजत काय होतं?

उत्तरेश्वरकर
काल पहिल्यांदाच सतार ऐकायला गेलो. यमन होता म्हणे. पाऊण तास तबलजी मांडीवर हात ठेवून बसलेला आणि सतारवाला तार छेडतोय, थांबतोय, परत छेडतोय. मग एकदम मशीनगनसारखं सुरू झालं, टाळ्या पडल्या आणि त्यानंतर कुठं तबला वाजायला लागला. तासभर सूरच लावत बसतात का हे लोक? पुढच्या वेळी तबला सुरू झाल्यावर आत गेलं तर चालेल का?

तरफ
जा म्हणणारे इथं भेटतीलच, म्हणून त्यांच्या आधी सविस्तर लिहितो. वाचून राग आला हे स्पष्टच सांगतो. ज्यासाठी आम्ही तिकीट काढतो तेच तुम्ही तयारीत जमा केलंत.

सतारीची बाजाची तार शुद्ध मध्यमाला मिळवलेली असते आणि यमनात तो मध्यम चालत नाही. मुख्य तार चुकून मोकळी वाजली तरी राग बिघडतो, त्यामुळं डावा हात सारखा पडद्यावर लागतो. नखीचा एक आघात झाला की आवाज लगेच विरायला लागतो. तो विरायच्या आत, त्याच आघातावर, तार पडद्यावर आडवी ओढून पुढचे तीन-चार सूर काढायचे असतात. हीच मींड. छेडून थांबल्यासारखं तुम्हाला वाटलं तेव्हा सूर चाललेलेच होते, आघात तेवढा एकच होता. मागच्या रांगेत बसलं आणि शेजारी कुणी वेफर्सची पिशवी फोडली की नेमके तेच सूर हरवतात.

आता क्रम. वादक षड्ज ठेवतो आणि आधी खाली जातो, मंद्रातल्या नी-ध-प कडं. मग सावकाश वर येतो आणि यमनात गंधारावर बराच वेळ रमतो. मधूनमधून एक छोटा, तोच तोच तुकडा येतो. त्यात चिकारीच्या, म्हणजे षड्जाला मिळवलेल्या बाजूच्या तारांवर दोन-चार आघात लयीत पडतात आणि तो सा वर येऊन टेकतो. हा मोहरा. नव्या माणसानं पहिल्या दिवशी एवढा एकच पकडावा. मोहरा आला की एक परिच्छेद संपला, आणि पुढचा बहुतेक वेळा आधीपेक्षा वरच्या सुराकडं जातो. तार षड्ज लागून त्याच्याही पुढं थोडं फिरून झालं की आलाप संपत आला.

त्यानंतर उजव्या हातात ठोका येतो. तुमचा पाय आपोआप हलायला लागतो. तबला नाही, ताल नाही, पण लय आहे. तोच जोड. वाक्यं लांबतात, लय पायरीपायरीनं चढते, मींड कमी होते आणि गमक वाढते. शेवटी बाजाच्या तारेवर एक ‘दा’ आणि लगेच चिकारीवर तीन ‘रा’, असं अखंड चालू होतं. तो झाला, म्हणजे तुमची मशीनगन. इथवर तबलजीचं काहीच काम नसतं. तो ऐकत असतो. उशिरा आत गेलात तर निम्म्याहून जास्त राग बाहेरच राहील.

शाहूपुरी_तीनताल
जोडात ताल नाही हे मला पटत नाही. मी तबला शिकलोय, हात गप्प असला तरी मोजणं थांबत नाही. जोड चार-चारांत सरळ बसतो. सोळा झाले की तुकडा संपतो. तीनतालच असतो तो, फक्त तबल्यावर उमटत नाही.

तरफ
चारांत बसतो इथपर्यंत बरोबर. पुढचं चूक. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठाय ते दाखवा. कुठलंही रेकॉर्डिंग लावा, जोड सुरू झाला की एक ते सोळा म्हणत राहा आणि मोहरा कितव्या मात्रेवर पडतो ते लिहून काढा. एकदा तेराव्यावर पडेल, एकदा सहाव्यावर. वादकाला वाटलं तर तो वाक्य लांबवतो, वाटलं तर अर्ध्यात तोडतो, आणि त्याला कुणी चुकला म्हणत नाही. मसीतखानी गत, म्हणजे तबल्याबरोबरची तालात बांधलेली रचना, वाजवताना असं करून बघा. ती बाराव्या मात्रेला उठते, पाच मात्रांचा मुखडा घेते आणि समेवर येते. तिथं एक मात्रा इकडची तिकडं झाली तर तबलजी मान वर करून बघतो.

शाहूपुरी_तीनताल
बरं, सम नाही. एवढं मानतो. पण चाराची घडण आहे हे तुम्हीच कबूल केलंत, ते विसरू नका.

मंगळवार_पेठ_जुना_श्रोता
कोल्हापुरात बसून ही वाद्यवाल्यांची तरफदारी वाचवत नाही. या गावाच्या कानावर अल्लादियाखाँसाहेबांची गायकी आहे. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी गवई म्हणून इथं ठेवून घेतलं. त्या गायकीत दोन-चार मिनिटांचा औचार होतो, बंदिशीचा मुखडा येतो, ठेका लागतो आणि सगळा विस्तार ठेक्यात होतो. आकारानं बढत करत प्रत्येक आवर्तनाला समेवर यायचं. अंगावर बंधन घेऊन राग मांडणं ही विद्या आहे. तबला बाजूला बसवून पाऊण तास कुणीही रेंगाळेल.

तरफ
रेंगाळेल? बसा आणि एका आघातात ग-म-ध-प ओढून दाखवा, मग हा शब्द वापरा.

सतारीचा आलाप ख्यालातून आलेलाच नाही. तो धृपदाचा आणि बीनेचा वारसा आहे. धृपदिया नोम-तोम अशा बोलांत आलाप करतो तेव्हा पखवाजिया शेजारी गप्पच बसलेला असतो. आधी लयीशिवाय, मग लयीत, मग द्रुत. जोड-झाला तिथूनच आला. आग्र्याचे फैयाजखाँ तर ख्याल गाताना आधी नोम-तोम करायचे. तेही रेंगाळत होते म्हणा की.

मंगळवार_पेठ_जुना_श्रोता
फैयाजखाँना मधे आणू नका. त्यांच्याविषयी मी काही बोललेलो नाही. आणि दुसऱ्याला बसवून दाखवायला सांगणं हा युक्तिवाद नव्हे. मी चाळीसेक वर्षं ऐकतोय, मला ऐकण्याचा अधिकार आहे. बऱ्याच सतारियांची मींड मींड दाखवण्यासाठी असते. रागाला तिथं त्या सुराची गरज नसते, हाताला असते.

राजारामपुरीची_ताई
काका, शेवटच्या वाक्याला मी पूर्ण तुमच्या बाजूनं. पण म्हणून पद्धतच फालतू ठरत नाही. आणि सगळी सतार एकच समजून तुम्ही दोघं भांडताय. विलायतखाँनी खर्जाच्या तारा काढून टाकल्या आणि हात गळ्यासारखा चालवला. त्यांचा आलाप ख्याल ऐकणाऱ्याला लगेच जवळचा वाटतो. रविशंकरांनी खर्जाच्या तारा ठेवल्या, त्यामुळं त्यांचा आलाप अतिमंद्रात जाऊन बसतो आणि तिथं बीनेची चाल जाणवते. उत्तरेश्वरकरांनी दोघांचे आलाप एकापाठोपाठ ऐकावेत. सुरुवातीची पाच मिनिटं पुरेत.

माझं दुखणं वेगळंच आहे. गेल्या वर्षी इथल्याच एका कार्यक्रमात दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे, प्रायोजक यांत जवळपास तास गेला. मग संयोजक कलाकाराच्या कानात सांगून गेले, आलाप थोडक्यात आटपा. त्या बाईंनी दहा मिनिटांत मारवा आटपला. मारव्यात षड्ज लांबवत नेऊन मगच द्यायचा असतो, तो त्यांना दर दोन मिनिटांनी द्यावा लागला. मला रडू यायचं बाकी होतं.

शाहूपुरी_तीनताल
भाषणांचं एकदम खरं, ताई. आणि साउंडवाला! तबला लागला की सतार खाली आणि तबला वर. तबलजी असून सांगतोय.

बासरी_शिकतोय
मी आठवड्यातून दोनदा इचलकरंजीहून बासरी शिकायला येतो. माझा प्रश्न बराच दिवस अडकलाय. बासरीला चिकारीच नाही, मग आम्ही झाला वाजवतो तो काय असतो? गुरुजी जिभेचे आघात करून घेतात. श्वास पुरत नाही. तीन ‘रा’ आणायचे कुठून?

तरफ
तुमच्याकडचा झाला सतारीची नक्कल आहे, आणि नक्कल म्हणून चांगला असू शकतो. झाल्याचं मूळ चिकारीत आहे. चिकारी षड्जाला असते, म्हणून सतारीवर किंवा सरोदवर राग हलत असताना षड्ज सारखा खणखणत राहतो. बासरीवर तो षड्ज प्रत्येक सुराच्या मधे परत परत फुंकावा लागतो. म्हणून बासरीचा झाला छोट्या तुकड्यांत ठेवलेलाच बरा.

शाहूपुरी_तीनताल
नक्कल कशाला म्हणायचं? लय झाल्याची, आघात झाल्याचे, मग तो झालाच. पोराला उगाच नाउमेद करू नका.

तरफ
नाउमेद करत नाही. श्वास का पुरत नाही, याचं कारण सांगतोय.

उत्तरेश्वरकर
तुमचं भांडण होईपर्यंत मी रेकॉर्डिंग लावलं. पण कार्यक्रम संपताना परत तीच मशीनगन झाली, या वेळी तबल्यासकट. झाला आधी होऊन गेला होता ना? आणि पहिल्या मशीनगननंतर त्यांनी परत खुंट्या पिळल्या. त्यामुळंच मला वाटलं, आत्तापर्यंत सूर लावणं चाललंय.

तरफ
झाला दोनदा येतो. पहिला जोडाच्या टोकाला, तालाशिवाय. दुसरा द्रुत गतीच्या टोकाला, तीनतालात. तिथं सम असते आणि बहुतेक वेळा तिहाईनं शेवट होतो. मधल्या खुंट्यांचं कारण साधं आहे. झाल्यात इतके जोरकस आघात पडतात की तारा उतरतात. त्या परत मिळवल्याशिवाय गत सुरू करता येत नाही.

आता झाला चांगला झाला का, हे वेगावरून ठरवू नका. टाळ्या वेगाला पडतात, म्हणून कित्येक वादक नुसते पळतात. चिकारीच्या खणखणाटात बाजावरचे सूर वेगळे ऐकू येतात का ते बघा. यमन चालू आहे हे झाल्यातही कळलं पाहिजे. दुसरं, चारही आघात सारख्या अंतरानं पडायला हवेत. हात दमला की शेवटचा ‘रा’ आधी ढिला पडतो आणि चाल लंगडायला लागते.

मंगळवार_पेठ_जुना_श्रोता
हे मात्र बरोबर लिहिलंत. नुसत्या पळण्यावर टाळ्या देणाऱ्यांनी वाद्यसंगीताचं वाटोळं केलंय.

उत्तरेश्वरकर
मोहरा सापडला. एकदा सापडल्यावर सारखा ऐकू येतोय. पण जोड नक्की कुठं सुरू होतो ते समजत नाही. मला दोन जागा वाटतात, त्यात पाच मिनिटांचं अंतर आहे.

तरफ
तसं होतं. काही जण मोहऱ्यातली लय सोडतच नाहीत, हळूच पुढं नेतात आणि पहिली काही वाक्यं अधांतरी ठेवतात. चिकारीचे आघात सारख्या अंतरानं पडून ते टिकतात कुठं, ती जागा धरा. मोहऱ्यातली लय चार आघातांत विरते, जोडातली विरत नाही. तुमची दुसरी जागा असावी.

राजारामपुरीची_ताई
मी पहिली म्हणेन. लय टिकायला लागायच्या आधीच वाक्यांची लांबी बदलते, आणि वादकाच्या मनात जोड तिथंच सुरू झालेला असतो.

तरफ
श्रोत्याला वादकाच्या मनातलं कसं कळणार, ताई?

मंगळवार_पेठ_जुना_श्रोता
ठेका असता तर हा प्रश्नच आला नसता. आणि माझा बंधनाचा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही.