दंडाचे हाड मोडल्यानंतर मनगट लुळे पडले आहे : थांबावे की नस उघडून पाहावी?

मृदगंध
माझा धाकटा भाऊ (वय ३४) बारा दिवसांपूर्वी दुचाकीवरून घसरून पडला. उजव्या दंडाचे हाड मधल्या आणि खालच्या तृतीयांशाच्या सांध्यावर तिरके मोडले आहे. जखम उघडी नाही आणि नाडी व्यवस्थित लागते. मात्र त्याला मनगट वर उचलता येत नाही आणि अंगठ्यामागचा भाग बधिर आहे. पहिले डॉक्टर म्हणतात की ब्रेस लावू, नस आपोआप येईल. दुसऱ्यांचे मत आहे की प्लेट बसवावी आणि त्याच वेळी नस पाहून घ्यावी. कोणाचे ऐकावे?

नदीकाठ
माझ्या भाचीचे हाड असेच मोडले होते. तिला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करता येत नव्हता, पण दोन-अडीच महिन्यांत सगळे सुरळीत झाले. काळजी करू नका, थांबा.

अस्थितज्ज्ञ_निवृत्त
नदीकाठ, आपल्या भाचीचे हाड बहुधा कोपराच्या लगेच वर मोडले असावे. लहान मुलांत तेथे मीडियन नर्व्हची एक शाखा दुखावते, आणि गोल न जुळणे ही तिचीच खूण आहे. खांद्याजवळ मोडले तर अॅक्सिलरी नर्व्ह धोक्यात येते. या भावाच्या बाबतीत प्रश्न रेडियल नर्व्हचा आहे. ही नस दंडाच्या मागच्या बाजूने, हाडाला अगदी चिकटून, तिरक्या खोबणीतून खाली येते आणि कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याच्या साधारण १० सेंटिमीटर वर स्नायूंमधला जाड पडदा भेदून पुढे जाते. त्या पडद्यापाशी तिला सरकायला फारशी जागा नसल्यामुळे, खालचा तुकडा बाहेर सरकला की ती ताणली किंवा चिमटली जाते.

तरीही बंद फ्रॅक्चरमध्ये ती सहसा तुटलेली नसते आणि बहुतेक रुग्णांत शस्त्रक्रियेवाचून परत येते. म्हणून केवळ नसेसाठी आज दंड उघडावा, असे मला वाटत नाही. हाड ब्रेसमध्ये नीट राहत नसेल आणि प्लेट लावावीच लागणार असेल, तर मात्र नस पाहून घेणे रास्त आहे. एक गोष्ट नक्की सांगा: प्लास्टरचा स्लॅब बांधण्यापूर्वी मनगट उचलले जात होते का?

सायली_फिजिओ
बोटे सरळ होतात का, तेही पाहा. होत असतील तर नस परत येऊ लागली, असे समजायला हरकत नाही.

मृदगंध
बोटांची टोके सरळ होतात! स्लॅबपूर्वीचे मात्र खात्रीने सांगता येत नाही. भाऊ म्हणतो की रिक्षात बसताना मनगट हलत होते. सोबतचा मित्र म्हणतो की हात तेव्हाच लोंबत होता.

अस्थितज्ज्ञ_निवृत्त
सायलीताई, येथे फसगत होते. बोटांची पुढची दोन पेरे तळहातातले लहान स्नायूही सरळ करतात आणि त्यांची नस वेगळी आहे. मनगट टेबलावर टेकवून, बोटे मुळापाशी, म्हणजे जेथे मूठ आवळल्यावर उंचवटे दिसतात तेथे, वर उचलली जातात का ते पाहावे. शिवाय मूठ कमजोर वाटली तरी घाबरू नये. मनगटाला खालून आधार दिला की तीच मूठ घट्ट वळते.

आता वाट किती पाहायची ते. नस केवळ दबून सुन्न झाली असेल तर काही आठवड्यांत जाग येते. आतले तंतू तुटून पुन्हा वाढत असतील, तर ते रोज सुमारे १ मिलिमीटर पुढे सरकतात. एक्स-रेवर मोडलेली जागा कोपराच्या उंचवट्यापासून किती वर आहे?

मृदगंध
डॉक्टरांनी मोजून ११ सेंटिमीटर सांगितले.

अस्थितज्ज्ञ_निवृत्त
सर्वांत आधी जागा होणारा ब्रॅकिओरेडियालिस हा स्नायू आहे आणि त्याची शाखा त्या उंचवट्याच्या जवळपास २ सेंटिमीटर वर शिरते. उरले ९ सेंटिमीटर, म्हणजे ९० दिवस, आणि सुरुवातीच्या विलंबाचा एक महिना. म्हणून चौथ्या महिन्याच्या सुमारास, कोपर काटकोनात ठेवून अंगठा वर धरून हात वर ओढताना, कोपरापुढचा हा स्नायू हाताला टणक लागतो का, ते पाहावे. ईएमजी ही स्नायूंची विद्युत तपासणी तीन-चार आठवड्यांच्या आत करू नये, कारण त्याआधी तुटलेली आणि सुन्न नस वेगळी ओळखता येत नाही. चार महिन्यांपर्यंत स्नायूही नाही आणि ईएमजीतही काही नाही, तर उघडावे. तोवर मनगट वर धरणारा स्प्लिंट रोज वापरावा, नाहीतर ते वाकलेल्या स्थितीत आखडते.

स्लॅबनंतर लुळेपणा आला असेल, तर पूर्वी लगेच उघडत असत. हल्ली अनेक शल्यचिकित्सक तेथेही थांबतात, पण मतैक्य नाही. मित्राचे म्हणणे खरे निघाले तर माझा कल थांबण्याकडे पक्का होईल.

सायली_फिजिओ
टेबलावरची चाचणी मी आजवर चुकीची करत होते, धन्यवाद. स्प्लिंटसोबत, हाडाला धक्का न लावता, मनगट आणि बोटे दिवसातून तीन-चार वेळा दुसऱ्या हाताने हलवून घ्यावीत.

मृदगंध
मित्राला पुन्हा विचारले. रिक्षात भावाने मोबाइल डाव्या हाताने काढला, एवढेच त्याला आठवते. ईएमजीची तारीख चौथ्या आठवड्याची घेतली आहे. प्लेटचा निर्णय ब्रेसमधला पहिला एक्स-रे पाहून घेऊ.