माधव झाला à¤®à¤¾à¤§à¤µ : बिल्ले शुक्रवारी छापायला द्यायचेत!

प्रेषक: मीनल (सचिव)

मंडळी, नव्या सिस्टीममध्ये सभासद यादी चढवली आणि सगळ्या मराठी नावांचा खेळखंडोबा झालाय. माधव हवं तिथे à¤®à¤¾à¤§à¤µ. ईमेल, फोन शाबूत आहेत, फक्त देवनागरी गेली. फाइल मागच्या समितीने दिली तीच, मी त्यातला एक नको असलेला रकाना तेवढा काढला. यादी पुसून परत चढवता येणार नाही, कारण मधल्या काळात बऱ्याच जणांनी आपापले पत्ते तिथे बदललेत. बिल्ले शुक्रवारी द्यायचेत. यातलं कोणाला कळतं?

प्रेषक: अरविंद

फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. देवनागरी फॉन्ट टाका, सगळं दिसेल. स्मरणिकेच्या वेळी असंच झालं होतं, पानभर चौकोन. मी फॉन्ट टाकून दिला होता, जुन्या लोकांना आठवत असेल.

प्रेषक: सुहास

काका, चौकोन आले असते तर फॉन्टच म्हटलं असतं. तेव्हा अक्षर बरोबर असतं, ते काढायला आकार नसतो. इथे वाचणाऱ्याने अक्षरच भलतं धरलंय.

यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइटचं असतं. पहिला बाइट नेहमी E0, दुसरा A4 नाहीतर A5. एक बाइट म्हणजे एक अक्षर असं समजून कोणी वाचलं की E0 चं à होतं, A4 चं ¤ आणि A5 चं ¥. माधवमध्ये म, काना, ध, व अशी चार चिन्हं, आणि मीनलच्या मेलमध्ये à पण चारच आहेत. म्हणजे माल अजून आत आहे.

मीनल, चढवलेली फाइल आणि मूळ फाइल दोन्ही नोटपॅडमध्ये उघड. एक्सेलमध्ये नको. चढवलेल्या फाइलमध्ये मराठी नीट दिसलं तर दोष सिस्टीमचा, à¤ दिसलं तर फाइलच बिघडलेली.

प्रेषक: शोभा

माझ्याकडे वाचनालयाची यादी आहे, तिच्यात नावांच्या जागी `????? ???????` असं आलंय. तेच ना हे? मलाही तोच उपाय सांगा.

प्रेषक: सुहास

शोभाताई, तुमचं दुखणं वेगळं आहे आणि वाईट आहे. मराठी नीट दिसत असताना कोणीतरी साध्या सीएसव्हीत सेव्ह केलंय. त्याच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे एका बाइटला एक अक्षर अशा तक्त्यात, देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. त्यातून काही परत येत नाही. मूळ फाइल शोधा.

प्रेषक: अरविंद

म्हणूनच मी म्हणत होतो, नावं रोमनमध्ये ठेवा. ही कटकटच नको.

प्रेषक: शोभा

अरविंदराव, रोमनमध्ये आमचं आडनाव गेली कित्येक वर्षं प्रत्येक पावतीवर वेगळं येतंय. ती कटकट कमी आहे का? मूळ फाइल ज्यांच्याकडे होती ते आता मंडळात नाहीत, पण विचारते.

प्रेषक: मीनल

मूळ फाइल नोटपॅडमध्ये झकास दिसते, मी चढवलेलीत à¤ à¤. म्हणजे एक्सेलने केलं? मग मूळ फाइल आज रात्री चढवून टाकते.

प्रेषक: विद्याधर (खजिनदार)

कृपया थांबा. वर्गणीच्या नोंदी सभासद क्रमांकाला जोडलेल्या आहेत. मागे अशीच यादी चढवली आणि प्रत्येक जण दोनदा आला, ते निस्तरायला मीच होतो. माझ्या रकान्यांना हात लागणार नाही हे आधी सांगा.

प्रेषक: सुहास

विद्याधर म्हणतात ते रास्त आहे.

मीनल, डबलक्लिक करून उघडली की विंडोजवरचं एक्सेल, फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची खूण नसेल तर, जुनं कोडपेज धरतं. तिथेच à¤ झालं. तरी साध्या `CSV` मध्ये सेव्ह केलं असतंस तर बहुधा तेच बाइट परत लिहिले गेले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता. तू `CSV UTF-8` निवडलं असणार, त्यामुळे à आणि ¤ हीच खरी अक्षरं समजून त्यांचं पुन्हा यूटीएफ-८ झालं.

आता एक्सेल रिकामं उघड, `Data > From Text/CSV` मधून मूळ फाइल घे आणि `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवड. मराठी दिसलं की सभासद क्रमांक आणि नाव हे दोनच रकाने ठेव, बाकी सगळे काढ. जो रकाना फाइलमध्येच नाही, त्याला सिस्टीम हात लावणार नाही, म्हणजे पत्ते आणि वर्गणी सुरक्षित. मग `CSV UTF-8` मध्ये सेव्ह कर, या वेळी तेच बरोबर आहे.

एक खोच राहते. ती सुरुवातीची अदृश्य खूण या फाइलला लागते, आणि काही सिस्टीम ती पहिल्या शीर्षकाचाच भाग समजतात. मग ‘सभासद क्रमांक’ रकाना ओळखू येत नाही आणि प्रत्येक जण नवीन म्हणून घुसतो. विद्याधर, मागचं दुहेरी प्रकरण यातलंच असावं अशी मला शंका आहे. आधी दोनच ओळी चढवा. ‘नवीन’ म्हणाली तर थांबा आणि नोटपॅडमधून `UTF-8` अशी सेव्ह करा, `UTF-8 with BOM` नको, BOM म्हणजे तीच खूण.

प्रेषक: विद्याधर (खजिनदार)

त्या वेळी कारण वेगळं होतं. असो. दोन ओळी माझ्यासमोर चढवा, मी लॉगइन असेन.

प्रेषक: मीनल

विद्याधरकाकांसमोर केलं. पहिल्यांदा ‘२ नवीन’ दाखवलं! नोटपॅडवाली फाइल घेतली तर ‘२ अद्ययावत’. मग सगळी चढवली, नावं आली, पत्ते जागच्या जागी.

पण गेल्या वर्षीच्या नव्या सभासदांची फाइल वेगळी होती आणि तिची मूळ प्रत कोणाकडेच नाही. ती नावं अजून à¤ मध्येच आहेत.

प्रेषक: सुहास

ती उलटी फिरवता येतील. सिस्टीममधून तेवढ्या ओळी काढून प्रत्येक नाव यातून घालव:

```python
def sudhar(s):
    b = bytearray()
    for ch in s:
        try:
            b += ch.encode("cp1252")
        except UnicodeEncodeError:
            b.append(ord(ch))
    return b.decode("utf-8")
```

मधली try-ची भानगड अशासाठी की त्या कोडपेजमध्ये पाच घरं रिकामी आहेत, आणि आपल्या दुर्दैवाने पहिला उकार (81) आणि पाय मोडायचं चिन्ह (8D) नेमके तिथे पडतात. त्यांच्या जागी न दिसणारी अक्षरं बसतात. ती अजून असतील तर नाव पूर्ण येईल, सिस्टीमने ‘स्वच्छता’ म्हणून काढून टाकली असतील तर decode एरर देईल. तेवढी नावं हाताने करा.

प्रेषक: मीनल

केलं. माधव, सविता, विजय वगैरे बिनबोभाट आले. उकार किंवा जोडाक्षर असलेल्या सगळ्यांवर एरर. कुलकर्णी डोळ्यांनीच ओळखले. एक मात्र अडलाय: à¤¸à¥à¤®à¤¿à¤¤.

प्रेषक: सुहास

स, मग A5 च्या पुढचा बाइट गायब, मग मित. 81 असेल तर सुमित, 8D असेल तर स्मित. फाइलवरून सांगता येणार नाही.

प्रेषक: अरविंद

सुमितच असणार. स्मित नावाचं आपल्याकडे कोणी नाही.

प्रेषक: विद्याधर (खजिनदार)

आहे. वर्गणी भरताना माझ्याशी बोलला होता, पण तोच हा की दुसरा ते पावतीपुस्तक बघून सांगतो. तोपर्यंत त्या ओळीला कोणी हात लावू नये.