मदत हवी आहे: यमगर्णीला पाणी, माल अडकलाय, गिऱ्हाइकांना काय कळवू?

मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीनशॉप आहे. काल संध्याकाळी पुण्याच्या गिऱ्हाइकाचे 400 पंप-हाउसिंग ट्रकवर चढवले. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आल्यानं गाडी निपाणीच्या अलीकडे उभी आहे. 2019 आणि 2021 ला हेच झालं होतं, तरी आपण दरवेळी नव्यानं दचकतो!

ई-वे बिल 2 दिवसांचं आहे. मुदत संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते, त्यामुळे ती काळजी नाही. अडलंय ते पत्रावर. माझा मसुदा असा:

"400 नग निपाणीजवळ सुरक्षित आहेत. रस्ता खुला झाल्यापासून 24 तासांत पोहोचवू. आपली लाइन थांबणार असेल तर उद्या 60 नग छोट्या गाडीनं विजापूर-सोलापूरमार्गे पाठवतो. रोज सकाळी 10 वाजता स्थिती कळवू."

भाऊ म्हणतो, "तारीख लिही, गिऱ्हाईक तारीखच बघतं." मला वाटतं, पाणी कधी ओसरेल ते माझ्या हातात नाही; चुकलेली तारीख दुसऱ्यांदा बदलली की विश्वास जातो. तुम्ही काय लिहिता?

शिवाय, लांबच्या वाटेचं जादा भाडं ह्याच पत्रात मागावं की गाडी सुटण्याआधी फोनवर ठरवून मग लेखी होकार घ्यावा? मागे बिलात परस्पर लावलं, तर त्यांनी ते कापूनच पैसे दिले.